तांबेऱ्याचा टक्का

सप्टेंबर लागला की कोल्हापूर-सांगलीकडच्या कृषी सेवा केंद्रांत सोयाबीनच्या तांबेऱ्याची चर्चा सुरू होते आणि तिच्याबरोबर टक्केही येतात. अमुक बुरशीनाशकाने ६७ टक्के नियंत्रण, तमुक वाणावर रोगाची तीव्रता फक्त २० टक्के. ऐकणारा साहजिकच असं धरून चालतो, की शंभरातली वीस पानं खराब झाली असतील, किंवा दर पानाचा पाचवा हिस्सा गेला असेल. यातला एकही अर्थ बरोबर नाही. हा आकडा ज्या हिशेबातून येतो त्याला संशोधक ‘पर्सेंट डिसीज इंडेक्स’ म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं ‘पीडीआय’. तो टक्क्यांत सांगितला जातो, पण तो पानाचा टक्का नव्हे. मग तो कशाचा, हे कळायला शेतात एकेका पानाला गुण देणाऱ्या माणसाशेजारी थोडा वेळ उभं राहावं लागतं.

सोयाबीनचा तांबेरा ही फॅकोप्सोरा पॅकिरायझी या बुरशीची करणी. तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात. पान सहा-सात तास ओलं राहिलं आणि हवा विशी-पंचविशीच्या आसपास असली, की ते रुजतात. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्यात भाद्रपदातली ढगाळ, दमट हवा नेमकी अशी असते आणि त्याच सुमाराला पीक फुलातून शेंगेत जात असतं. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. फुले अग्रणी, फुले संगम ही या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली नावं तिथली. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात उगार खुर्दलाही तांबेऱ्याच्या चाचण्या होतात. जागा अशा निवडण्याचं कारण साधं आहे: तांबेरा आलाच नाही, तर चाचणी वाया जाते. कोणाच्याच पानावर फोड नसतील तर प्रतिकारक वाण कोणता आणि नशीबवान कोणता, हे कसं ठरवणार? म्हणून रोग हमखास येतो तिथेच पेरतात. शिवाय चाचणीतल्या वाणांच्या मधूनमधून जे.एस. ३३५ सारख्या, तांबेऱ्याला चटकन बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी टाकतात. त्या ओळी आधी रोगट होतात आणि शेजाऱ्यांना रोग पुरवत राहतात. एरवी ज्याला शेताच्या बांधावरही येऊ देणार नाही, त्याला इथे मुद्दाम बोलावणं असतं.

रोग आल्यावर मोजमाप सुरू होतं. पण त्याआधीचं काम म्हणजे जे मोजतोय तो तांबेराच आहे ना, याची खात्री. सोयाबीनवर जिवाणूंमुळेही बारीक फोड येतात आणि उभ्याने पाहिलं तर दोन्ही सारखेच भासतात. म्हणून पान उलटं करायचं आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून फोड बघायचा. तांबेऱ्याच्या फोडाला माथ्यावर बारीक तोंड असतं आणि त्यातून फिकट तपकिरी बीजाणूंची भुकटी बाहेर पडलेली दिसते. जिवाणूच्या फोडाला असं तोंड नसतं, फार तर तो मधोमध चिरतो. तरीही शंका राहिली तर पान किंचित ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवतात. तांबेरा असेल तर सकाळपर्यंत फोडांवर बीजाणूंचे ढीग वर आलेले दिसतात. ही खात्री न करता भरलेला तक्ता कितीही नीटनेटका असला, तरी कोणत्या रोगाचा आहे हे सांगता येत नाही.

आता पट्टी. भारतातल्या शेकडो प्रबंधांत आणि अहवालांत तिचा उल्लेख ‘मायी आणि दातार, १९८६’ असा येतो. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने त्या वर्षी ‘फायटोपॅथोमेट्री’ नावाची तांत्रिक पुस्तिका काढली, त्यातली ही पट्टी. परभणीत छापलेली ही पुस्तिका आज देशभरातल्या विद्यापीठांत आधार म्हणून दाखवली जाते, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. पट्टी शून्य ते नऊ अशी आहे. पानावर एकही फोड नसला तर शून्य. पानाचा साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी भाग व्यापला असेल तर एक गुण. एकाच्या वर ते दहा टक्क्यांपर्यंत तीन, दहाच्या वर पंचवीसपर्यंत पाच, पंचवीसच्या वर पन्नासपर्यंत सात आणि निम्म्याहून जास्त पान गेलं असेल तर नऊ.

इथे जरा थांबून बघा. गुण एक, तीन, पाच, सात, नऊ असे सारख्या ढांगा टाकत जातात, पण पानाचा टक्का तसा जात नाही. पहिली पायरी एका टक्क्याची, पुढची नऊची, मग पंधराची, मग पंचविसाची आणि शेवटची थेट पन्नासाची. पायऱ्या अशा असमान का? डोळ्याला एक टक्का आणि पाच टक्के यांतला फरक सहज कळतो, पण साठ आणि पासष्टमधला नाही, ही त्यामागची एक समजूत. १९४५ मध्ये हॉर्सफॉल आणि बॅरेट या अमेरिकी संशोधकांनी याच विचारावर बारा पायऱ्यांची पट्टी सुचवली होती. माणसाचा डोळा खरंच त्यांनी मांडलेल्या नियमाने चालतो का, यावर पुढे बरेच वाद झाले. दुसरं कारण अधिक व्यवहारी आहे. तांबेऱ्याच्या बाबतीत सगळं महत्त्वाचं सुरुवातीला घडतं. फवारणी करायची की नाही याचा निर्णय पान एक ते दहा टक्के रोगट असतानाच घ्यायचा असतो. निम्मं पान गेल्यावर पंचावन्न आणि पंच्याऐंशी यांत निवड करून उपयोग नसतो. तेव्हा पट्टी पहिल्या टप्प्यात बारीक आणि शेवटी ढोबळ असणं गैर नाही. पण तिने मोजलेल्या आकड्याला सरळ टक्का समजलं, की घोटाळा सुरू होतो.

टक्क्याने असा चकवा देण्याची परंपरा जुनी आहे. १८९२ मध्ये ऑस्ट्रेलियात नेथन कॉब यांनी गव्हाच्या पानाची पाच चित्रं काढून तांबेरा मोजण्याची पहिली पट्टी बनवली. नंतर १९४८ मध्ये ती सुधारली गेली आणि गव्हाचे वाण तपासणारे लोक अजूनही तिच्याच आधाराने बोलतात. त्या सुधारित पट्टीत पानाचा ३७ टक्के भाग फोडांनी भरला की तीव्रता ‘१०० टक्के’ लिहायची असते, कारण पानावर फोड त्याहून दाटीने मावतच नाहीत असं धरलं आहे.

सोयाबीनकडे परत येऊ. पट्टी हातात आली, पण प्लॉटमध्ये हजारो पानं असतात. सगळी तपासणं शक्य नाही, म्हणून काही निवडायची. आणि खरी गंमत इथेच होते, कारण माणसाचा हात आपोआप रोगट पानाकडे जातो. बांधावरून आत शिरलं की नजर सगळ्यात तांबूस झाडावर ठरते आणि ‘हे घेऊ’ असं वाटतं. याच्या उलटही घडतं. आपल्या लाडक्या वाणाच्या प्लॉटमध्ये हात नकळत हिरव्या झाडाकडे वळतो. म्हणून झाडं नजरेने निवडायचीच नाहीत, हा नियम. प्लॉटच्या दोन्ही कडांच्या ओळी सोडून द्यायच्या, कारण तिथे वारा, ऊन आणि शेजारच्या प्लॉटमधलं औषध या तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात. आतल्या ओळींत आधीच ठरवलेल्या अंतरावर, किंवा चिठ्ठ्या टाकून काढलेल्या क्रमांकांची दहा झाडं घ्यायची आणि रोग येण्याआधीच त्यांना रंगीत सुतळी बांधून ठेवायची. पुढची सगळी रीडिंग त्याच झाडांवर. सुतळी बांधलेलं झाड महिनाभराने कसंही दिसो, ते बदलायचं नाही.

झाडावर कोणतं पान, हाही प्रश्न आहेच. तांबेरा खालून वर चढतो. खालची पानं सावलीत असतात, दव उशिरा सुकतं, म्हणून फोड आधी तिथे येतात. नुसती वरची पानं बघितली तर शेत निरोगी दिसतं आणि नुसती खालची बघितली तर होत्याचं नव्हतं झालेलं. त्यामुळे प्रत्येक झाडावर खालचं, मधलं आणि वरचं असं एकेक पान घेतात. सोयाबीनच्या एका देठावर तीन पानं असतात, त्यातलं मधलं बघायचं. दहा झाडं, प्रत्येकी तीन पानं, म्हणजे एका प्लॉटमागे तीस गुण.

तीसच्या जागी तीनशे पानं बघितली तर आकडा जास्त खरा होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. काही प्रमाणात होतोही. पण एका प्लॉटमधली तीनशे पानं शेवटी एकाच जागेची साक्ष देतात. तो प्लॉट उताराच्या तळाशी, ओलसर जागी असेल, तर तीनशेच्या तीनशे पानं तोच ओलावा सांगतील. म्हणून एकच औषध किंवा एकच वाण तीन-चार वेगवेगळ्या जागी, चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या प्लॉटमध्ये ठेवतात आणि या पुनरावृत्तींमधला फरक हिशेबात धरतात. वेळ मोजका असेल तर पानं वाढवण्यापेक्षा प्लॉट वाढवणं शहाणपणाचं. पण प्रत्यक्षात प्लॉट वाढवायला जमीन आणि मजुरी लागते, पानं वाढवायला फक्त विद्यार्थ्याची पाठ मोडते, त्यामुळे निवड अनेकदा उलटी होते.

आता डोळ्याचा प्रश्न. तुमच्यासमोर असं पान ठेवलं की ज्यावर शेकडो बारीक ठिपके सगळीकडे विखुरले आहेत, आणि विचारलं की किती टक्के भाग रोगट आहे, तर नवखा माणूस बहुधा पंधरा-वीस म्हणेल. प्रत्यक्षात ते पाच असू शकतं. एकूण क्षेत्र तेवढंच असलं तरी एक मोठा डाग लहान भासतो आणि बारीक ठिपक्यांची पखरण मोठी भासते, हे प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. तांबेरा नेमका पखरणीचा रोग आहे. आपल्या पट्टीत पाचला वीस म्हणणं म्हणजे तीन गुणांच्या जागी पाच देणं, आणि ते सगळ्या पानांवर झालं तर अहवालच बदलतो.

यावरचा उपाय चित्रांचा. तांबेरा २००१ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोचला आणि ब्राझीलच्या सोयाबीनवर मोठं संकट आलं. तिथल्या संशोधकांनी २००६ मध्ये सोयाबीनच्या पानाची सहा चित्रं प्रसिद्ध केली. त्यांत ०.६, २, ७, १८, ४२ आणि ७८.५ टक्के भाग व्यापलेला दाखवला आहे. हे टक्के अंदाजाने नव्हे, मोजून काढलेले. चित्रांचा कागद हातात धरून पान शेजारी लावलं की अंदाज पुष्कळ ताळ्यावर येतो. कागद नसेल तर पारदर्शक फिल्मवर मिलिमीटरच्या चौकटी छापून घ्यायच्या, त्या पानावर ठेवून रोगट चौकटी मोजायच्या आणि दोन-तीन डझन पानांवर असा सराव करून मगच प्लॉटमध्ये उतरायचं. पिवळं पडलेलं पण फोड नसलेलं क्षेत्र रोगट धरायचं की नाही, हेही त्याआधी ठरवून लिहून ठेवायचं. नाहीतर सकाळी एक नियम आणि दुपारी दुसरा असं होतं.

आणखी दोन पथ्यं आहेत आणि माझ्या मते तीच सगळ्यात जास्त मोडली जातात. रीडिंग घेणाऱ्याच्या हातातल्या कागदावर फक्त प्लॉटचा नंबर असावा, औषधाचं नाव नसावं. ‘बिनफवारणीचा’ असं वाचल्यावर कोणाचाही हात एक पायरी वर जातो. दुसरं, काम दोघांत वाटायचं झालं तर एकाने एक अख्खी पुनरावृत्ती घ्यावी, दुसऱ्याने दुसरी. एकाने फवारलेले प्लॉट आणि दुसऱ्याने न फवारलेले असं केलं, तर शेवटी दिसणारा फरक औषधाचा की दोन डोळ्यांचा, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. शंका असेल तर काही प्लॉट दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावेत. त्याच पानाला काल तीन आणि आज सात मिळाले असतील, तर सराव पुन्हा करायचा.

समजा, हे सगळं पाळून दोन प्लॉट तपासले, एक न फवारलेला आणि एक फवारलेला. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा चाचणीत शोभतील असेच आहेत. न फवारलेल्या प्लॉटमधल्या तीस पानांपैकी दोनांना एक गुण मिळाला, सहांना तीन, आठांना पाच, दहांना सात आणि चारांना नऊ. पीडीआयचं सूत्र असं:

पीडीआय = (सर्व पानांच्या गुणांची बेरीज ÷ (पाहिलेली पानं × पट्टीतला सर्वोच्च गुण)) × १००

मूळ कल्पना मॅकिनी या अमेरिकी संशोधकाची, १९२३ मधली, गव्हाच्या रोपांवरच्या रोगासाठी. आपल्याकडचे प्रबंध सहसा १९६९ च्या व्हीलर यांच्या पुस्तकाचा हवाला देतात. आपल्या प्लॉटची बेरीज होते २ + १८ + ४० + ७० + ३६ = १६६. तीस पानांना जास्तीत जास्त मिळू शकले असते ३० × ९ = २७० गुण. १६६ ला २७० ने भागून शंभरने गुणलं की ६१.५. फवारलेल्या प्लॉटमध्ये सहा पानं कोरी, बारांना एक गुण, नऊंना तीन आणि तिघांना पाच. बेरीज ५४, पीडीआय २०. औषधाने रोग किती कमी केला हे काढायला दोन्हींतला फरक, ४१.५, मूळच्या ६१.५ ने भागायचा. उत्तर सुमारे ६७ टक्के. कृषी सेवा केंद्रात कानावर पडतो तो ‘६७ टक्के नियंत्रण’ असा येतो.

आता तीच साठ पानं दुसऱ्या पद्धतीने बघू. प्रत्येक गुणाच्या जागी त्या पायरीचा मधला टक्का लिहायचा. एक गुण म्हणजे साधारण अर्धा टक्का, तीन म्हणजे साडेपाच, पाच म्हणजे साडेसतरा, सात म्हणजे साडेसदतीस आणि नऊ म्हणजे पंच्याहत्तर. न फवारलेल्या प्लॉटची बेरीज ८४९ येते. ती तीसने भागली की सरासरी २८.३ टक्के पान रोगट. फवारलेल्या प्लॉटची बेरीज १०८, म्हणजे सरासरी ३.६ टक्के. पीडीआय ६१.५ असलेल्या प्लॉटमध्ये पानाचा तिसरा हिस्सासुद्धा गेलेला नाही आणि पीडीआय २० असलेल्या प्लॉटमध्ये पंचविसावा हिस्सा जेमतेम गेला आहे. नियंत्रणाचा हिशेब या आकड्यांवर केला तर ते ६७ नव्हे, ८७ टक्के येतं.

मग खरं कोणतं? पानाच्या क्षेत्रफळाबद्दल बोलायचं असेल तर दुसरं. या उदाहरणात पीडीआयने औषधाला कमी श्रेय दिलं, कारण असमान पायऱ्यांवर त्याने सारखे गुण टाकले. कधी तो याहून वाईट गोंधळ घालतो. एका प्लॉटमधल्या तीसही पानांना तीन गुण मिळाले, तर बेरीज ९० आणि पीडीआय ३३.३. दुसऱ्या प्लॉटमध्ये वीस पानं अगदी कोरी आणि दहा पानांना नऊ गुण, तरी बेरीज ९० आणि पीडीआय ३३.३ च. पहिल्यात सरासरी साडेपाच टक्के पान रोगट आहे, दुसऱ्यात पंचवीस. पहिल्यात रोग सगळीकडे हलका पसरला आहे, दुसऱ्यात तळची पानं जळाली आहेत आणि वरची शाबूत आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी शेतं, तक्त्यात मात्र एकच आकडा. गेल्या दशकात संशोधकांनी हीच अडचण आकडेशास्त्राने मांडली आणि सुचवलं, की पायऱ्या वापरायच्याच असतील तर हिशेब मधल्या टक्क्यांवर करावा. शेतात काम तेवढंच राहतं. पानाला गुण त्याच रीतीने द्यायचे, फक्त संध्याकाळी आकडेमोड वेगळी करायची. तरीही पीडीआय सुटत नाही, कारण जुन्या अहवालांशी तुलना त्यानेच करता येते.

पीडीआयमध्ये साध्या चुकाही होतात. काही जण सर्वोच्च गुण म्हणून पट्टीतला नऊ न घेता त्या दिवशी दिसलेला सर्वात मोठा गुण घेतात. फवारलेल्या प्लॉटमध्ये सर्वात मोठा गुण पाच होता. त्याने भागलं तर ५४ ला १५० ने भागून पीडीआय ३६ येतो आणि चांगलं औषध एकदम सामान्य दिसू लागतं. दुसरी चूक पट्टी बदलल्याची. इक्रिसॅटची भुईमुगाच्या पानावरच्या रोगांसाठीची पट्टी एकपासून सुरू होते, म्हणजे निरोगी झाडालाही एक गुण. ती या सूत्रात जशीच्या तशी घातली, तर ज्या शेतात रोगाचा मागमूस नाही तिथेही पीडीआय ११.१ निघेल. त्यामुळे दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांची पट्टी एकच आहे ना, हे बघावं लागतं.

तांबेऱ्यात सर्वात फसवी गोष्ट पानगळीची. फार रोगट झालेलं पान पिवळं पडून गळतं. वरच्या न फवारलेल्या प्लॉटमधली सात आणि नऊ गुणांची चौदा पानं आठवड्याभरात गळली, असं समजा. उरलेल्या सोळा पानांवर एकही फोड वाढला नाही, असंही धरू. आता बेरीज ६० आणि जास्तीत जास्त गुण १४४. पीडीआय ४१.७. म्हणजे आठवड्यापूर्वी ६१.५ असलेला रोग कागदावर वीस अंकांनी उतरला, आणि झाडाची निम्मी पानं जमिनीवर पडली आहेत. सुतळी बांधलेल्या झाडांचा इथे उपयोग होतो. पान कोणत्या पेऱ्यावर होतं हे नोंदलेलं असेल, तर त्या जागी नुसता देठाचा व्रण दिसताच तो गळालेला म्हणून धरता येतो. काही जण त्याला थेट नऊ गुण देतात, काही पानगळीचा टक्का वेगळ्या रकान्यात लिहितात. मला दुसरी रीत बरी वाटते, कारण सोयाबीन पक्व होताना निरोगी पानंही गाळतंच. प्रत्येक गळालेलं पान तांबेऱ्याच्या खात्यावर टाकलं, तर लवकर पिकणारा वाण विनाकारण बदनाम होतो. यासाठी शेवटचं रीडिंग शेंगा भरत असताना, पान पिकून पिवळं पडण्याआधीच घ्यायचं.

एकाच तारखेचं रीडिंगही पुरत नाही. पहिल्या फवारणीच्या आधी एक आणि मग दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने आणखी दोन-तीन घेतात. शेवटी दोन वाणांचा पीडीआय ६० आला, पण एक ५, १५, ६० असा चढला आणि दुसरा २५, ४५, ६० असा, तर पहिल्या वाणाला शेंग भरण्यासाठी हिरवं पान जास्त दिवस मिळालं. वजनकाट्यावर दोघांत फरक दिसायला हवा. फोडांचा रंगही नोंदवण्यासारखा असतो. काही वाणांवर तांबेरा लालसर-तपकिरी ठिपक्यांवरच अडतो आणि भुकटी फार थोडी सुटते. काहींवर तेवढ्याच क्षेत्रावर फिकट फोड येतात आणि बीजाणूंचा धुरळा उठतो. क्षेत्रफळाची पट्टी दोघांना सारखेच गुण देते, पण शेजारच्या शेताला धोका दुसऱ्यापासून जास्त.

हे सगळं पार पडल्यावर तक्ता तयार होतो. विद्यापीठाच्या अहवालात पीडीआयशेजारी कंसात दुसरा आकडा असतो. टक्क्यांना कोनांत बदलून केलेलं ते रूपांतर आहे, संख्याशास्त्राच्या चाचणीसाठी. वाचकाने त्यात अडकायचं कारण नाही. तळाशी ‘सी. डी.’ असं लिहिलेला आकडा मात्र जरूर बघावा. तो ४ असेल आणि दोन औषधांचे पीडीआय २० व २२ असतील, तर ती दोन औषधं त्या चाचणीत सारखीच ठरली. त्यातल्या पहिल्याला ‘सर्वोत्तम’ म्हणायला तक्त्यात आधार नाही. त्या ओळीनंतर न फवारलेल्या प्लॉटचा पीडीआय शोधावा. तो ६० असेल तर रोगाने औषधाची खरी परीक्षा घेतली. तो ८ असेल आणि फवारलेल्याचा ४, तरी नियंत्रणाचा आकडा रुबाबात ५० टक्के छापता येतो. त्या वर्षी शेतात मुळात तांबेराच नव्हता, हे फक्त त्या आठावरून कळतं, आणि दुकानात सांगितल्या जाणाऱ्या टक्क्यात तो आठ सहसा नसतो.